तरंगतं बेट आणि विरणारी धार

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळ्यात नाशिकहून त्र्यंबकला जाताना अंजनेरीच्या कड्यावरून पडणाऱ्या धारा तुम्ही पाहिल्या असतील. वर ठसठशीत, मधे विस्कटलेल्या आणि पायथ्याशी नुसता धूर. आज बोलायचंय ते या धुराबद्दल.

माझ्याकडे चित्रकला शिकणाऱ्या एका मुलानं पोस्टर रंगात आकाशात तरंगणारं बेट काढलं. खाली डोंगर, बेटावर झाडी, कडेवरून धबधबा. रेखाटन सुरेख होतं, पण बेट छतावरून टांगलेल्या कुंडीसारखं दिसत होतं.

आम्ही मोजायला बसलो. बेट पंधरा सेंटिमीटर रुंद, त्यावरचं झाड तीन सेंटिमीटर उंच. आंब्याचं झाड पंधरा मीटर धरलं, तर अख्खं बेट जेमतेम पंचाहत्तर मीटरचं! तेच झाड तीन मिलिमीटरचं केलं की बेट साडेसातशे मीटरचं होतं आणि बारा सेंटिमीटरची धार सहाशे मीटरची.

आता सहाशे मीटर पडणारं पाणी एकसंध राहील का? पडताना हवा त्याला फोडते, त्याचे थेंब होतात, थेंबांचे तुषार होतात आणि वारा ते बाजूला नेतो. व्हेनेझुएलातला एंजल धबधबा ९७९ मीटर उंच आहे. तिथं कोरड्या दिवसांत बरंचसं पाणी तळाशी पोचण्याआधीच धुकं होऊन जातं. मुलाची धार मात्र वरपासून खालपर्यंत सारख्याच जाडीची, पांढरीशुभ्र होती. नळाचं पाणी असंच दिसतं, म्हणून ते बेट कुंडीसारखं वाटत होतं.

मग धार वर बारीक केली, मधे तुटक केली, आणि खालचा तिसरा भाग ओल्या ब्रशनं धुक्यात मिसळून टाकला. शुद्ध पांढरा फक्त कडेवर, जिथं पाणी उलटतं तिथं ठेवला. दूरचं पांढरंही हवेचा रंग घेतं, हे पुष्कळजण विसरतात.

धुक्याचा रंग आधीच एका वाटीत कालवून ठेवावा: पांढरा, थोडा अल्ट्रामरीन निळा, चिमूटभर तांबूस-तपकिरी बर्न्ट सिएना. मागच्या प्रत्येक डोंगररांगेत तो वाढवत न्यायचा. सगळ्यात आधी सावल्या फिकट होतात, म्हणून लांबच्या रांगेत गडद काळं दिसलं की ती एकदम पुढं येते. आणि डोंगराचा माथा पायथ्यापेक्षा गडद ठेवायचा, कारण धुकं खाली साचतं. ब्रह्मगिरी सकाळी पाहा, अगदी तसाच दिसतो.

बेटाला जमिनीचा आधार नसतो. त्यामुळे ते जवळचं लहान आहे की लांबचं मोठं, हे डोळ्याला ठरवता येत नाही. यासाठी आम्ही धुक्याचा एक पट्टा बेटाच्या टोकापुढून नेला आणि दुसरा बेटामागून, डोंगरापुढून. बेट दोन्हींच्या मधे बसलं. तरी पहिला पट्टा जास्तच दाट झाला होता, बेट कापसात ठेवल्यासारखं वाटायला लागलं. तो ओल्या स्पंजनं निम्मा पुसला, तेव्हा खडकाचं टोक पुसट दिसू लागलं.

शेवटी त्यानं धारेजवळ बगळ्यांचे चार ठिपके दिले, सुईच्या टोकाएवढे.