हात वर करायला लावा, मग बोला

नमस्कार. आज बोलतोय थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमवर, म्हणजे मान आणि खांद्याच्या मधल्या वाटेत हाताच्या नसा किंवा रक्तवाहिन्या दबतात त्यावर. फिजिओथेरपीत इतकी वर्षं काढल्यावर माझं एकच म्हणणं आहे, ज्याला हात वर केल्यावर त्रास होतो त्याला हात वर करायला लावूनच तपासा. ऐकायला सोपं वाटतं, पण होत नाही.

माझ्याकडे एक पेंटर आला होता, सिलिंगला पुट्टी मारणारा. पाच मिनिटं पत्रा चालवला की उजवा हात शिशासारखा जड, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या, आणि पंजा पांढराफटक, गार. हात खाली घेतला की परत गुलाबी. बिचाऱ्याला कुणी मानेचा पट्टा दिला, कुणी मनगटाची नस दबलीय म्हणून पट्टी दिली. अहो, मनगटात नस दबली तर मुंग्या अंगठा आणि पुढच्या दोन बोटांना येतात, करंगळीला नाही! आणि हे सगळं तपासलं कसं, तर हात मांडीवर ठेवून.

मी त्याला बसवलं, कोपरं खांद्याच्या रेषेत, हात काटकोनात वर, आणि तीन मिनिटं सावकाश मूठ उघडबंद करायला सांगितली. तुम्ही पण करून बघा, दंड आणि हात भरून येतील, ते कुणालाही होतं. त्याचा हात मात्र मिनिटभरात पांढरा पडून खाली आला. मग त्याच्या पिशवीतला मानेचा जुना एक्सरे लाइटसमोर धरला, तर मानेच्या सातव्या मणक्याला एक जादाची छोटी बरगडी! सगळ्यांनी मणक्यांमधली गॅप बघितली, हिच्याकडे कुणाचं लक्षच नाही, मला याचा अजून राग येतो.

वेळ संपत आलीय म्हणताहेत, तर भरभर सांगतो. मानेचे स्केलीन स्नायू, कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेनं हाताच्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात, हात वर केला की वाट अजून आवळते. बहुतेकांच्या नसाच दबतात, त्यांना खांद्याचा पाता आणि छातीचे स्नायू यांचे व्यायाम काही महिने, आणि स्टूल उंच करून हात खांद्याखाली ठेवून काम. नुसती नाडी गेली म्हणून निदान करू नका, हात वर केल्यावर ती धडधाकट माणसांचीही जाते. पेंटरची धमनी दबत होती, हात वर ठेवून केलेल्या डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, ते दिसलं, सर्जननी ती जादाची बरगडी काढली.

आणि हात निळसर पडून सुजला, खांद्यावर शिरा फुगल्या, तर मालिश अजिबात नको, शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.