आईच्या पांढऱ्या केसांना रंग लावताना

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या पट्ट्यात लग्नसराई आली की घरोघरी आजीच्या किंवा आईच्या केसांना रंग लावण्याचा बेत ठरतो, आणि दुकानातून काळ्या मेंदीची पुडी आणली जाते. ती मेंदी असल्यामुळे निर्धोक, असे आपण धरून चालतो. पण अशा बऱ्याच पुड्यांमध्ये पीपीडी हे डायमधलेच रसायन असते. म्हणून पुडीमागची बारीक अक्षरे वाचावीत. ‘अमोनिया नाही’ एवढ्यावरही विसंबू नये, कारण त्या रंगातही पीपीडी आणि पेरॉक्साईड असू शकते.

समजा, आईचे वय अठ्ठ्याहत्तर आहे, केस विरळ, रुक्ष झाले आहेत आणि भांगातून टाळू दिसतो. तिच्यासाठी ३ टक्के किंवा त्याहून कमी पेरॉक्साईडचा, क्रीमसारखा, हळूहळू फिका होत जाणारा रंग घ्यावा. छटा गडद काळी नको, मध्यम तपकिरी असावी. काळ्या रंगाखालून पांढरी मुळे पंधरवड्यातच उठून दिसतात. रंगवण्याच्या दोन दिवस आधी कानामागे थोडा रंग लावून खाज किंवा लाली येते का, ते पाहावे. फणीत अडकलेले केस गोळा करून त्यांवर रंग लावला आणि दर पाच मिनिटांनी एकेक केस पुसून पाहिला, तर किती वेळ पुरेल हे आधीच कळते.

खरी मेख लावण्याच्या क्रमात आहे. कानशिलाजवळचे पांढरे केस रंग उशिरा घेतात, तर जुनी, कोरडी टोके तो चटकन शोषून काळपट होतात. त्यामुळे कानशिलांपासून सुरुवात करावी, मग भांग आणि माथा घ्यावा, आणि टोकांना शेवटची पाचच मिनिटे रंग पुसटसा लावावा. आधी रंगवलेली टोके असतील, तर ती सोडूनच द्यावीत. फणीतल्या केसांवर वीस मिनिटांत रंग चढला, तर पाकिटावर तीस लिहिलेले असले तरी वीसवर थांबावे. मात्र त्याहून घाई केल्यास रंग अर्धवट राहून आठवड्याभरात उडतो.

त्या दिवशी आधी केस धुऊ नयेत, कपाळाच्या कडेला व्हॅसलीन लावावे. आईला खुर्चीत बसवून पुढे किंचित वाकवावे, मान मागे टाकायला लावू नये. धुताना कोमट पाणी आणि बोटांचे पेर वापरावेत, नखे नकोत. टाळू चुणचुणू लागला, तर वेळ न पाहता लगेच धुवावे. दुसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या, तर डॉक्टरांना दाखवावे आणि पीपीडी असलेला कोणताही रंग, काळी मेंदीसुद्धा, पुन्हा लावू नये.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात; तेव्हा पुढची खेप पाच-सहा आठवड्यांनी, तीही फक्त मुळांपुरती, पुरेशी होते.