शांत, तरीही जागा: चहातलं थिॲनिन

पडद्यावर सरकणारी ही रेषा एका माणसाच्या मेंदूची आहे. तो डोळे मिटून बसला आहे, डोक्यावर मेंदूतले विद्युत संकेत टिपणारी ईईजीची टोपी आहे. रेषा सेकंदाला दहाएक वेळा वर-खाली होते आहे. ही अल्फा लहर. सेकंदाला ८ ते १३ आवर्तनं. माणूस जागा असतो, पण मन कशाला जुंपलेलं नसतं, तेव्हा ती ठळक उमटते. डुलकी येऊ लागली की ती विरते आणि संथ थीटा लहरी वर येतात. निवांतपणा आणि झोप यांतला फरक असा कागदावर दिसतो.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३५ जण होते. काहींना चहातलं थिॲनिन हे अमिनो आम्ल दिलं, ५० मिलिग्रॅम. बाकीच्यांना थिॲनिन नसलेला डोस. पाऊण तासानंतर दर पंधरा मिनिटांनी नोंदी घेतल्या. वेळ गेला तशा थिॲनिनवाल्यांच्या अल्फा लहरी दुसऱ्या गटापेक्षा जास्त वाढत गेल्या.

पण पोटात गेलेला पदार्थ मेंदूपर्यंत पोहोचतो कसा? रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा सहसा कुणाला आत सोडत नाही. ल्युसीनसारख्या अमिनो आम्लांची ने-आण करणारी प्रथिनं तिथे असतात, थिॲनिन त्यांच्याच मदतीने आत शिरतं.

आत गेल्यावर कामी येतो त्याचा तोंडवळा. चहाच्या झाडाची मुळं थिॲनिन बनवतात ती ग्लुटामेटला इथिलअमाइन जोडून. आणि ग्लुटामेट हाच मेंदूतला मुख्य उत्तेजक संदेशवाहक. म्हणून थिॲनिन त्याचा संदेश झेलणाऱ्या ग्राहींवर जाऊन बसतं खरं, पण ही पकड फारच सैल असते, ग्लुटामेटच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी. मला स्वतःला दुसरी वाट अधिक पटते. चेतापेशीने सोडलेलं ग्लुटामेट शेजारच्या आधारपेशी टिपून घेतात, त्याचं ग्लुटामिन करतात आणि परत देतात. चेतापेशी त्यातून पुन्हा ग्लुटामेट घडवते. प्राण्यांच्या पेशींवरच्या प्रयोगांत थिॲनिनने हे ग्लुटामिन आत घेणंच रोखलं. कच्चा माल कमी, म्हणून पुढचा संदेशही सौम्य. मात्र माणसाच्या ईईजीतली वाढ नेमकी याच वाटेने येते, हे अजून कुणी थेट दाखवलेलं नाही.

आता त्याच माणसाला काम द्या: एका बाजूला लक्ष ठेवायचं, खूण दिसली की बटण दाबायचं. अशा प्रयोगांत २५० मिलिग्रॅम थिॲनिननंतर पार्श्वभूमीची अल्फा उलट कमी झाली. विश्रांतीत वाढ, कामात घट. नुसती गुंगी आणणाऱ्या औषधाकडून असं अपेक्षित नसतं.

एका कपात थिॲनिन असतं ते साधारण दहा ते तीस मिलिग्रॅम, पानांवर आणि उकळण्यावर अवलंबून. सोबत कॅफीनही असतं. त्यामुळे चहा पिऊन आलेल्या तरतरीतला थिॲनिनचा वाटा वेगळा काढायचा, तर शुद्ध थिॲनिन देऊन, पाऊण तास थांबून, ही रेषाच पाहावी लागते.