दोन बेरजा आणि त्यांच्यामधली जागा

एखाद्या गावाचा तक्ता आपल्या हातात येतो. एकूण घरं 1000. नळजोडणी असलेली 700, शौचालय असलेली 600. वरून विचारणा होते, ‘दोन्ही सोयी असलेली घरं किती, ते कळवा.’ तक्त्यात तो रकाना नाही, आणि पुन्हा घरोघर फिरायला माणसं नाहीत. अशा वेळी काय सांगता येतं आणि काय सांगता येत नाही, एवढंच मला आज बोलायचं आहे. गाव मी कल्पनेतलं घेतलंय आणि आकडे गोल ठेवलेत, म्हणजे हिशेब तोंडी होईल.

जास्तीत जास्त किती, हे सोपं आहे. शौचालयंच 600 घरांत आहेत, तेव्हा दोन्ही असलेली घरं त्याहून जास्त असूच शकत नाहीत. लहान गट पूर्णपणे मोठ्या गटात बसला, तर 600.

कमीत कमी किती, इथे मात्र बरेच जण ‘शून्य’ म्हणून मोकळे होतात. दोन गट एकमेकांपासून शक्य तितके लांब ठेवून बघू. नळ नसलेली घरं 300. शौचालयं मुद्दाम आधी तिथेच घालू. 300 संपली, जागा भरली. उरलेली 300 शौचालयं जाणार कुठे? नळ असलेल्या घरांतच. म्हणजे निदान 300 घरांत दोन्ही आहेतच, कुणाची इच्छा असो वा नसो. सूत्रात मांडायचं तर 700 + 600 − 1000. हे उत्तर ऋण आलं तर मात्र शून्य धरायचं, कारण दोन्ही गटांना वेगवेगळं राहायला पुरेशी जागा आहे असा त्याचा अर्थ.

हे तर्कशास्त्र जुनं आहे. ऑगस्टस डी मॉर्गन या इंग्रज गणितज्ञाने 1847 मध्ये अशा आकडेबंद अनुमानांची पद्धतशीर मांडणी केली. जन्म त्यांचा आपल्याकडचाच, 1806 साली मदुराईचा. पुढे विसाव्या शतकात मॉरिस फ्रेशे या फ्रेंच गणितज्ञाने याच मर्यादा संभाव्यतेच्या भाषेत मांडल्या, म्हणून आज त्यांना फ्रेशेचं नाव आहे.

तर आपलं उत्तर 300 ते 600. यावर हमखास एक आवाज येतो, ‘अहो, नववीत संचांच्या धड्यात याचं एकच उत्तर यायचं की!’ यायचं, कारण त्या गणितात बहुतेक वेळा एक वाक्य असायचं: प्रत्येक विद्यार्थ्याला दोनपैकी निदान एक खेळ आवडतो. म्हणजे ‘दोन्ही नाही’ असा कुणीच नाही. ते वाक्य आपल्या तक्त्यात नाही. आपल्या गावात दोन्ही असलेली 300 घरं असतील, तर एकही सोय नसलेलं घर शून्य. दोन्ही असलेली 450 असतील, तर काहीच नसलेली 150. आणि 600 असतील तर 300 घरं अशी, की ज्यांना ना नळ ना शौचालय. दोन्ही आकडे हातात हात घालून वाढतात. ‘एवढ्या घरांत दोन्ही सोयी’ हा मोठा आकडा ऐकून खूश होणाऱ्याने हे जरूर ध्यानात ठेवावं, कारण गटांच्या बेरजा त्याच असतील तर मागे राहिलेली घरंही तेवढीच वाढलेली असतात.

दुसरी सवय गुणाकाराची. 70 टक्के गुणिले 60 टक्के, म्हणजे 42 टक्के, म्हणून 420 घरं. आकडा मर्यादेत बसतो, म्हणून खरा वाटतो. पण त्यामागे एक गृहीतक दडलंय: नळ असण्याचा आणि शौचालय असण्याचा एकमेकांशी काही संबंध नाही. पाण्याशिवाय शौचालय वापरून पाहिलेल्या कुणालाही विचारा, हे पटतं का ते.

आता मर्यादा आवळायची कशी? आकडे गावाचे न घेता वाडीवार घ्यायचे. समजा गावठाणात 400 घरं, त्यांत 380 नळ आणि 330 शौचालयं. वरच्या वाडीत 300 घरं, 260 नळ, 120 शौचालयं. खालच्या वाडीत 300 घरं, पण नळ फक्त 60 आणि शौचालयं 150. बेरीज करून बघा, 700 आणि 600च येते. नवीन असं काही आपण मोजलेलं नाही.

गावठाणात दोन्ही असलेली घरं 310 ते 330. वरच्या वाडीत 80 ते 120. खालच्या वाडीत शून्य ते 60. तिन्ही मिळून 390 ते 510. आधी 300 घरांची अनिश्चितता होती, आता 120ची राहिली. कारण असं की, गावठाणातलं शौचालय खालच्या वाडीतल्या नळाशी जोडण्याची मुभा आपण काढून घेतली. विभागणीने दोन टोकांमधली ही पट्टी कधीच रुंदावत नाही. फार तर आहे तेवढी राहते. आणि तो गुणाकार वाडीवार केला तर 420 येत नाही, जवळपास 448 येतो. तेच गाव, तेच गृहीतक, उत्तरं दोन! फक्त एकूण आकड्यांवरून माणसांबद्दल निष्कर्ष काढण्यातला धोका समाजशास्त्रात 1950 नंतर गाजला, तेव्हा 1953 मध्ये डंकन आणि डेव्हिस यांनी हाच मार्ग सुचवला: लहान विभाग घ्या, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांच्या मर्यादा काढा, बेरीज करा.

आणि कुणी अहवालात ‘दोन्ही सोयी असलेली घरं 250’ असं लिहिलं असेल तर? मग वाद घालत बसू नका, असं गाव असू शकत नाही. चूक शोधायची ती बहुधा एका ठिकाणी सापडते: तिन्ही आकडे एकाच गोष्टीचे नसतात. नळ म्हणून जोडण्या मोजलेल्या असतात, आणि एका घरात दोन भावांच्या दोन जोडण्या. एकूण घरं मात्र जुन्या यादीतली, नवीन वस्ती सोडून. उलट बाजूची खबरदारीही सांगतो. आकडा मर्यादेत बसला म्हणून तो बरोबर ठरत नाही. 250 पकडला जातो, पण चुकीचा 400 बिनबोभाट निघून जातो.

उरलेल्या पट्टीची रुंदी कशावर ठरते? नळ असलेली, नळ नसलेली, शौचालय असलेली, नसलेली, या चारांपैकी सर्वांत लहान गटावर. गावठाणात नळ नसलेली 20 घरं, वरच्या वाडीत तशीच 40, खालच्या वाडीत नळ असलेली 60. नळपट्टीच्या वहीवरून ही घरं कोणती ते कळतं. तेव्हा हजार उंबरे झिजवायचे नाहीत. या 120 घरांत जाऊन फक्त विचारायचं, ‘शौचालय आहे का?’ गावठाणात आणि वरच्या वाडीत जेवढे ‘आहे’ म्हणतील तेवढे त्या विभागाच्या शौचालयांतून वजा करायचे, खालच्या वाडीत जेवढे ‘आहे’ म्हणतील तेच उत्तर. बेरीज केली की पट्टी संपली, नेमका आकडा हातात.