वजीर उठतो, राणी बसते

नमस्कार श्रोतेहो.

बुद्धिबळाच्या पटावर राजाशेजारी जी सगळ्यांत ताकदवान सोंगटी उभी असते, तिला आपण मराठीत वजीर म्हणतो. इंग्रज तिलाच राणी म्हणतात. सोंगटी तीच, पटावरचा दराराही तोच, फरक फक्त नावाचा. या एका नावावर सत्यजित राय यांनी १९७७ साली आपल्या चित्रपटाचा शेवट उभा केला. चित्रपट आहे 'शतरंज के खिलाडी'. मूळ कथा प्रेमचंदांची, काळ १८५६ सालचा, गाव लखनौ, म्हणजे अवधच्या राज्याची राजधानी. त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने हे राज्य खालसा केलं.

शेवटचा प्रसंग आठवून पाहा. मिर्झा आणि मीर हे दोन रईस लखनौबाहेरच्या एका खेड्यात डाव मांडून बसले आहेत. आत्ताच त्यांचं कडाक्याचं भांडण झालं आहे, पिस्तूल उडालं आहे, गोळी एकाच्या शालीला चाटून गेली आहे. मग दोघं समजुतीला येतात आणि पुन्हा खेळायचं ठरवतात, पण या वेळी इंग्रजी पद्धतीने. मिर्झा वजीर उचलून बाजूला करतो आणि म्हणतो, वजीरसाहेब, हटा, व्हिक्टोरिया राणी येत आहेत. आपण हसतो, चित्रपट संपतो. मीही पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसून उठले होते. त्या वाक्यात किती भरलं आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

वजीर ही अवधच्या राज्यकर्त्यांची खरीखुरी पदवी होती. दिल्लीच्या मोगल बादशहाचे वजीर म्हणून ते राज्य करत, आणि कागदोपत्री त्यांना 'नवाब वजीर' असंच म्हटलं जाई. १८१९ साली गाजीउद्दीन हैदर याने ही पदवी सोडून स्वतःला बादशहा म्हणवून घेतलं. त्यामागे कंपनीचंच प्रोत्साहन होतं. दिल्लीच्या तख्ताचं वजन कमी व्हावं, असं गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याला वाटत होतं. शिवाय नेपाळच्या युद्धासाठी याच गाजीउद्दीनने कंपनीला कोटीकोटीची कर्जं दिली होती. चित्रपटात अवधचा शेवटचा राजा वाजिद अली शाह याच्या डोक्यावर जो मुकुट दिसतो, त्याची सुरुवात अशी झाली. वजीर उठून राणी बसते असं जेव्हा मिर्झा म्हणतो, तेव्हा १८५६ साली लखनौत जे घडत होतं त्याचंच ते वर्णन होतं. त्याला मात्र ते ठाऊक नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. १८५६ मध्ये हिंदुस्थानवर राणीचं थेट राज्य नव्हतंच, राज्य कंपनीचं होतं. राणीचा जाहीरनामा १ नोव्हेंबर १८५८चा. मिर्झा दोन वर्षं आधी बोलून बसला आहे.

आता त्या काळाचं एक कोडं पाहू. अवधचं राज्य एवढं मोठं, मग चित्रपटात कुठेच कुणी लढत कसं नाही? याचं उत्तर आपल्या मराठी शाळांच्या इतिहासातल्या एका शब्दात आहे: तैनाती फौज. १८०१ साली नवाब सआदत अली खान याच्याशी कंपनीने तह केला. कंपनीची फौज त्याचं रक्षण करणार आणि त्या फौजेच्या खर्चापोटी त्याने आपला जवळजवळ निम्मा मुलूख कंपनीला तोडून द्यायचा. त्याचं स्वतःचं सैन्य नाममात्र उरलं. पुढच्याच वर्षी, १८०२च्या डिसेंबरात, वसईला दुसऱ्या बाजीरावाने याच साच्यातला तह केला आणि सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख दिला. चित्रपटातला कंपनीचा लखनौचा रेसिडेंट, जनरल आऊट्रम, ज्या हवेलीत बसून चिरूट ओढतो, ती रेसिडेन्सी. रेसिडेंट म्हणजे नुसता वकील नव्हे. ज्या राजाकडे फौज नाही, त्याच्या दारात फौजेच्या जोरावर बसलेला माणूस, असा त्याचा अर्थ होता. पुणेकरांना हे सांगायला नको, संगमावर एल्फिन्स्टन असाच बसला होता.

आऊट्रमविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण चित्रपटात तो अस्वस्थ का दिसतो, हे त्याचं पूर्वायुष्य कळल्याशिवाय समजत नाही. हा माणूस आपल्या भागातला जुना अधिकारी. १८२५ साली खानदेशात भिल्लांची पलटण त्यानेच उभारली, तिचं ठाणं धरणगावला होतं. सिंध १८४३ साली खालसा झालं, तेव्हा ते जिंकणाऱ्या चार्ल्स नेपियरशी तो उघडपणे भांडला. हा अन्याय आहे असं त्याचं मत होतं आणि लुटीतला आपला वाटा त्याने स्वतःकडे ठेवला नाही. पुढे बडोद्याचा रेसिडेंट असताना लाचखोरीवर त्याने जो अहवाल दिला, त्यात 'खटपट' हा आपलाच शब्द इंग्रजी लिपीत वारंवार येतो. दरबारात पैसे चारून मुंबईच्या सरकारकडून कामं करून घेण्याला बडोद्यात खटपट म्हणत. त्या अहवालापायी त्याची बडोद्याची जागा गेली. असा माणूस लखनौला येतो आणि त्याला सांगितलं जातं की आता हे राज्य घ्यायचं आहे. आऊट्रम झालेल्या रिचर्ड ॲटनबरोच्या चेहऱ्यावर जी आठी दिसते, ती केवळ अभिनयाची लकब नाही. सिंधच्या वेळी ज्या गोष्टीला त्याने विरोध केला, तीच आता त्याच्याच हातून होणार आहे.

त्याच्या बोलण्यात करारांचा विषय निघतो, तिथे बहुतेक प्रेक्षक पडद्यावरून नजर काढून चहा घ्यायला जातात. मला तर तोच चित्रपटाचा गाभा वाटतो. १८०१च्या तहाने अवधचा कारभार नीट चालवायची जबाबदारी नवाबावर टाकली होती, पण तो नीट चालला नाही तर राज्यच घ्यायचा हक्क कंपनीला दिला नव्हता. १८३७ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंडने नवा तह केला. त्यानुसार गैरकारभार झाला तर कंपनी कारभार हाती घेईल, मात्र शिल्लक वसूल राजाच्या खजिन्यात भरेल आणि घडी बसली की मुलूख परत करील. कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांना हा तह मान्य नव्हता, त्यांनी तो रद्द केला. पण अवधच्या राजाला एवढंच कळवलं की त्यातला फौजेचा खर्च माफ केला आहे. तह गेला, हे कुणी सांगितलंच नाही. पुढे १८४७ साली लॉर्ड हार्डिंजने वाजिद अली शाहला ताकीद दिली, तीही याच तहाच्या आधारे. आणि १८५६ मध्ये आऊट्रमला सूचना आली की राजाने १८३७चा तह पुढे केला तर सांगायचं, तो कधीच संपला. लखनौचा दरबार ज्या कागदाच्या भरवशावर होता, तो जवळजवळ वीस वर्षांपूर्वीच फाटला होता आणि फाडणाऱ्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. आपल्याकडे सातारा १८४८ मध्ये, नागपूर आणि झाशी १८५४ मध्ये दत्तकाचा वारसा नाकारून खालसा झाली, म्हणून अवधही त्याच माळेत ओवतात. अवधला वारस होते, वाजिद अली शाहला मुलगे होते. तिथे गव्हर्नर जनरल डलहौसीने कारण काढलं गैरकारभाराचं. चित्रपटाच्या सुरुवातीला चित्रांच्या हलत्या मालिकेत डलहौसी एकेक चेरी तोंडात टाकताना दिसतो. ती गंमत म्हणून घातलेली नाही. १८५१ मधल्या आपल्या पत्रात त्याने अवधचा उल्लेख, कधीतरी आपल्या तोंडात येऊन पडणारी चेरी, असा केला होता. त्याच वर्षीच्या लंडनच्या प्रदर्शनाला वाजिद अलीने मुकुट पाठवला, त्यावर त्याने लिहिलं की मुकुटाबरोबर त्याने डोकंही पाठवलं असतं तर प्रजेवर उपकार झाले असते. ही दोन वाक्यं आधीच वाचली असली, की पुढे आऊट्रम 'प्रजेच्या हिताचं' बोलू लागतो तेव्हा मन फार खिन्न होतं.

आता तो पागोट्याचा प्रसंग. ४ फेब्रुवारी १८५६ रोजी आऊट्रम नवा तह घेऊन राजवाड्यात गेला. त्याच्या आधीच राजाने तोफा गाड्यांवरून उतरवून ठेवल्या होत्या आणि पहारेकऱ्यांची हत्यारं काढून घेतली होती. चित्रपट पाहणाऱ्या कित्येकांना हा भ्याडपणा वाटतो. पण प्रतिकार झाला असता तर कंपनीला आयतंच निमित्त मिळालं असतं. तह वाचून झाल्यावर वाजिद अलीने डोक्यावरचं पागोटं काढून आऊट्रमच्या हातात दिलं. म्हणाला, तह बरोबरीच्यांमध्ये होतात, मी आता कोण? त्याने सही केली नाही. पागोटं हाती देणं म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगायला नको. पण यात शरणागतीपेक्षा वेगळं काही आहे. सर्वस्व देतो, पण माझ्या सहीने नाही, असा तो नकार होता. सही केली तर वर्षाला बारा लाखांचं वेतन मिळणार होतं. तीन दिवसांची मुदत संपली आणि ७ फेब्रुवारीला जाहीरनामा काढून राज्य खालसा केलं. कागदावर राजाची सही नाही, ही बोच कंपनीला राहिली.

राजाची आई मात्र गप्प बसली नाही. चित्रपटात पडद्याआडून आऊट्रमशी बोलताना जी दिसते तीच, मलिका किश्वर. ती त्याच वर्षी समुद्र ओलांडून लंडनला गेली, न्याय मागायला, थेट राणीपाशी. राणीचं राज्य इथे येण्याआधी लखनौची मलिका तिच्या दारी जाऊन उभी राहिली होती. तिच्या पदरात काही पडलं नाही. परतताना १८५८ साली पॅरिसमध्ये ती वारली, तिथल्याच पेर लाशेज कबरस्तानात तिला मूठमाती मिळाली.

शेवटाकडे परत येते. डाव चालू असताना कंपनीची फौज दूरवरून कूच करत जाते, आणि मिर्झा-मीरची सेवा करणारा खेड्यातला पोरगा कल्लू खंतावून सांगतो की कुणीच लढलं नाही, बंदुकीचा बारसुद्धा झाला नाही. त्या फौजेतले शिपाई पुढच्या वेळी नीट पाहा. कंपनीच्या बंगाल फौजेतले पुष्कळ शिपाई खुद्द अवधच्या शेतकरी घरांतले होते. आपल्याच गावांच्या वाटेवरून ती माणसं आपल्याच राजाचं राज्य घ्यायला चालली होती. सव्वा वर्षाने, १८५७च्या मे महिन्यात, त्यांच्यातल्याच अनेकांनी बंदुका उलट्या फिरवल्या. सप्टेंबरात आऊट्रम हॅवलॉकबरोबर कानपूरहून लखनौला मदतीला धावला, वेढा फोडून आत शिरला, आणि ज्या रेसिडेन्सीतून त्याने वाजिद अलीला तीन दिवसांची मुदत दिली होती, तिथेच नोव्हेंबरपर्यंत स्वतः वेढ्यात अडकून पडला.

नमस्कार.