खर्चाच्या ओळीमागचं काम

‘प्रवास : 36,000 रुपये. प्रकल्पाच्या कामासाठी प्रवास आवश्यक आहे.’ अनुदानाच्या प्रस्तावांत असं स्पष्टीकरण वारंवार वाचायला मिळतं. ते वाचून तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. मग तो ही ओळ निम्म्यावर आणतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

आज हीच एक ओळ नीट लिहून पाहू. समजा, आपला प्रकल्प बारा गावांतल्या विहिरींची पाणीपातळी मोजण्याचा आहे. हिवरे बाजारसारख्या गावात पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर रब्बीची पिकं ठरवतात. आपल्यालाही तिथवर पोचायचं आहे. समन्वयक प्रत्येक गावात महिन्यातून दोनदा जाणार, म्हणजे 24 भेटी. एका दिवसात दोन गावं होतात, म्हणजे बारा दिवस. दिवसाला सरासरी 50 किलोमीटर मोटरसायकल, किलोमीटरला पाच रुपये. महिन्याचे 3,000, वर्षाचे 36,000.

आता आकडा कुठून आला हे कळलं, पण तो कशासाठी हे अजून लिहायचं आहे. या भेटींत समन्वयक गावातल्या मोजणी करणाऱ्यांसोबत विहिरींवर जाऊन नोंदी तपासेल, आणि त्याच नोंदी ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ताळेबंदासाठी मांडल्या जातील. इथेच थांबा. ‘यामुळे पाणीपातळी वाढेल’ असं लिहू नका. पातळी पावसावर, उपशावर अवलंबून असते, पेट्रोलच्या खर्चावर नाही. या पैशातून मिळेल ती विश्वासार्ह नोंद आणि तिच्यावर आधारलेला गावाचा निर्णय. तेवढंच म्हणा, ते पुरेसं मोलाचं आहे.

लिहून झालं की रक्कम मनातल्या मनात निम्मी करून बघा. भेटी महिन्यातून एकदाच होतील, चुकलेली नोंद लवकर सापडणार नाही, असं ठोस सांगता आलं तर स्पष्टीकरण जमलं. काहीच बिघडत नसेल, तर ती रक्कम मुळातच जास्त होती.

मग उलट बाजूनेही वाचा. कामांची यादी घ्या आणि प्रत्येकाचा खर्च तक्त्यात शोधा. आपल्या उदाहरणात ग्रामसभेपूर्वीच्या बैठका, नोंदवह्या, मोजण्याच्या टेप कुठे आहेत? अशी कामं हटकून राहतात, आणि मग ती पदरमोड करून होतात किंवा होतच नाहीत.

पगाराबाबत जास्त काळजी घ्या. परदेशी देणगी असेल तर तिच्यासाठीच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांची मर्यादा आहे. समन्वयकाचा पगार नुसता ‘कर्मचारी’ म्हणून दाखवला, तर तो प्रशासकीय खर्चात धरला जाण्याची शक्यता वाढते. तो विहिरींवर किती दिवस असतो, कार्यालयात किती, हे स्पष्टीकरणात लिहा, आणि कोणता भाग कुठे बसतो हे प्रस्ताव पाठवण्यापूर्वीच सनदी लेखापालाकडून तपासून घ्या.