वस्त्रे कोणाची, गादी कोणाची?

मागच्या महिन्यात एक हस्तलिखित तपासायला आले होते आणि त्यातल्या पहिल्याच पानावर ‘१७२० साली पेशवा बाजीराव गादीवर बसले’ असे वाक्य होते. साल बरोबर आहे, चूक आहे ती गादीची. गादी साताऱ्याच्या छत्रपतींची. बाळाजी विश्वनाथांच्या निधनानंतर शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवेपदाची वस्त्रे दिली, म्हणून ‘बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली’ असेच लिहायला हवे. पुढे सत्ता पुण्यात एकवटली, तरी नव्या पेशव्याला वस्त्रे साताऱ्याहूनच घ्यावी लागत.

‘पेशवा’ हा शब्द फारसी असून ‘पुढे चालणारा, अग्रणी’ हा त्याचा अर्थ. दख्खनच्या सुलतानांकडेही हे पद होते. शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पदांना संस्कृत नावे दिली, तेव्हा पेशव्याचा ‘मुख्य प्रधान’ झाला, आणि बाजीरावांच्या शिक्क्यातही ‘शाहू नरपति हर्षनिधान’ या शब्दांनंतर ‘बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’ असेच येते. धन्याचे नाव आधी, चाकराचे मागून! यातला ‘बल्लाळ’ म्हणजे बाळाजींचा मुलगा, आडनाव भट. ‘पेशवे’ हे मुळात आडनाव नव्हे, हे आपण पार विसरून गेलो आहोत.

त्याच हस्तलिखितात पुढे ‘पेशव्यांचे सरदार शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले’ अशी सरसकट ओळ होती. ‘सर’ म्हणजे डोके आणि ‘दार’ म्हणजे धारण करणारा, तेव्हा सरदार म्हणजे प्रमुख; पण प्रमुख झाला तरी तो कोणाचा, हे सांगावे लागते. राणोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर बाजीरावांच्या हाताखाली पुढे आले, त्यामुळे त्यांना पेशव्यांचे सरदार म्हणणे रास्त आहे. रघूजी भोसल्यांचे ‘सेनासाहेबसुभा’ हे पद मात्र थेट छत्रपतींकडून आलेले होते, आणि पेशव्यांशी त्यांचे वारंवार का बिनसत होते, याचे एक कारण त्यातच आहे. त्यांना त्या ओळीतून काढून स्वतंत्र वाक्य द्यावे, एवढीच दुरुस्ती मी सुचवली.

‘छत्रपती’ म्हणजे ज्याच्या मस्तकी राजछत्र आहे तो. शब्द ‘छत्र’पासून आला आहे, त्यामुळे ‘क्षत्रपती’ लिहिणे चूक. मराठीत शब्दाच्या अखेरीस ‘ती’ दीर्घ, पण समासात ‘छत्रपतिपद’ असे ऱ्हस्व. आदराने नाव घेताना कोणत्याही प्रसंगी ‘छत्रपती’ म्हणण्यास हरकत नाही. परंतु अफजलखानाच्या भेटीचे, म्हणजे १६५९ चे, काटेकोर वर्णन करताना ‘छत्रपतींनी फर्मावले’ असे लिहिले, तर जे छत्र अजून पंधरा वर्षांनी धरले जायचे होते ते आपण आधीच धरलेले असते. तिथे ‘शिवाजीराजांनी’ किंवा ‘महाराजांनी’ असे लिहावे.